मेलबॉक्स भरत आला, आता काय पुसायचे?

चार हजार मेल पुसले, तरी मेलबॉक्स भरत आल्याची सूचना दुसऱ्या दिवशी पुन्हा का येते? कार्यालयात आयटी विभागाला हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो विचारणाऱ्याने काम टाळलेले नसते. उलट दुपारभर बसून इनबॉक्स साफ केलेला असतो आणि जागेचा आकडा मात्र जेमतेम हललेला असतो. मेलबॉक्सची जागा कशाने भरते आणि मेल ‘पुसला’ म्हणजे नेमके काय होते, या दोन गोष्टींत याचे उत्तर आहे.

१. चार ओळींचे टिपण

मेलबॉक्स भरू लागले की सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर सर्वांना एक छोटे टिपण पाठवतो. स्वतःचा मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हर असलेल्या एखाद्या कार्यालयात ते साधारण असे असते:

“सर्व सहकाऱ्यांस नमस्कार. काही जणांना ‘Your mailbox is almost full’ अशी सूचना आली आहे. मेलबॉक्स १.९ जीबीवर गेला की ती येते. २ जीबी झाले की मेल पाठवता येणार नाहीत आणि २.३ जीबी झाले की येणारे मेलही परत जातील. कृपया आधी डिलीटेड आयटम्स आणि जंक ई-मेल ही फोल्डरे तपासून रिकामी करावीत. मग सेंट आयटम्समधले ५ एमबीहून मोठे मेल पाहावेत. बिले, करार आणि चालू वादाशी संबंधित पत्रव्यवहार विभागप्रमुखांना विचारल्याशिवाय पुसू नये. या कामासाठी पासवर्ड कुठेही द्यावा लागत नाही. अडचण आल्यास आयटी विभागाला फोन करावा.”

टिपण लहान असते, कारण लांबलचक सूचना कोणी वाचत नाही. पण लहान असल्यामुळेच त्यातली कारणे गळून पडतात. इनबॉक्सचे नाव का नाही, सेंट आयटम्सवर एवढा भर का, तीन वेगवेगळे आकडे कशासाठी, हे वाचणाऱ्याला उमगत नाही आणि तो आपल्या सवयीप्रमाणे इनबॉक्सपासूनच सुरुवात करतो.

२. तीन पायऱ्या

मेलबॉक्सला ठरवून दिलेल्या जागेला कोटा म्हणतात. एक्स्चेंजमध्ये कोट्याची एकच सीमा नसते, तीन असतात. पहिली ओलांडली की फक्त सूचना येते. दुसरी ओलांडली की मेल पाठवणे बंद होते, येणे चालू राहते. तिसरी ओलांडली की येणेही थांबते. टिपणातले १.९, २ आणि २.३ जीबी हे एक्स्चेंज सर्व्हरमध्ये मुळातच भरलेले आकडे आहेत. ॲडमिनिस्ट्रेटरने बदल केला नसेल तर तेच लागू राहतात. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या ५० जीबीच्या मेलबॉक्सला याच तीन पायऱ्या ४९, ४९.५ आणि ५० जीबीवर असतात. जागा पंचवीस पट झाली तरी सूचना आणि पूर्ण बंदी यांच्यामधले अंतर जेमतेम एक जीबी राहते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यातली दुसरी पायरी सर्वात जास्त गोंधळ करते. मेल येत असतात, त्यामुळे सगळे सुरळीत आहे असे वाटते. उत्तर लिहून ‘Send’ दाबले की मात्र ते जात नाही. पुष्कळदा दोष इंटरनेटला दिला जातो आणि संगणक दोनदा बंद-चालू केला जातो. मेल येतात पण जात नाहीत, असे दिसले तर सर्वात आधी मेलबॉक्सची जागा पाहावी.

तिसऱ्या पायरीचा त्रास मेलबॉक्सच्या मालकाला दिसतच नाही. त्याच्याकडे फक्त शांतता असते. ‘मेलबॉक्स भरला आहे’ असा बाउन्स मेल पाठवणाऱ्याकडे जातो आणि त्यात बहुधा 5.2.2 हा क्रमांक असतो. असा परत गेलेला मेल सर्व्हरवर कुठे वाट पाहत थांबत नाही. जागा मोकळी झाली म्हणून तो आपोआप येत नाही, पाठवणाऱ्याला तो पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून एखाद्या पुरवठादाराचा ‘तुमचा मेल परत येतोय’ असा फोन आला, तर त्या काळात आणखी कोणाकोणाचे मेल परत गेले असतील याचाही विचार करावा लागतो.

सूचना येताच ‘कोटा वाढवून द्या’ अशी मागणी होते. ती प्रत्येक वेळी अवाजवी नसते. दिवसभर नकाशे आणि आराखडे हाताळणाऱ्याला २ जीबी खरोखरच अपुरे पडतात. पण सर्व्हरवरच्या प्रत्येक जीबीचा रोज बॅकअप घ्यावा लागतो आणि बिघाड झाला तर तेवढाच डेटा परत चढवावाही लागतो. शंभर जणांना एकेक जीबी वाढवून दिला, तर तो भार शंभर जीबीने वाढतो. शिवाय वाढवलेली मर्यादा त्याच क्षणी लागू होत नाही, कधी कधी तास-दोन तास जातात. त्यामुळे घाईच्या वेळी कोटा वाढवून घेण्यापेक्षा काही मोठे मेल काढणे लवकर होते.

३. सूचना खरी की बनावट

‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, खाते बंद होण्यापूर्वी येथे क्लिक करा’ हे पासवर्ड चोरणाऱ्यांचे जुने आणि आवडते आमिष आहे. आवडते अशासाठी की अशी खरी सूचनाही येत असते, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका येत नाही. बनावट मेलमधली लिंक बहुधा लॉगिनसारख्या दिसणाऱ्या पानावर नेते. तिथे टाकलेला पासवर्ड थेट भामट्याच्या हाती पडतो.

मेल खरा की खोटा हे त्याच्या मजकुरावरून ठरवत बसू नये. मजकूर, लोगो, पाठवणाऱ्याचे नाव, सगळे हुबेहूब बनवता येते. मेल बाजूला ठेवून जागा स्वतः पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. संगणकावरच्या नेहमीच्या, म्हणजे क्लासिक, आउटलुकमध्ये File वर क्लिक केले की Mailbox Settings या नावाखाली एक पट्टी दिसते आणि किती जागा शिल्लक आहे ते तिच्याजवळ लिहिलेले असते. ब्राउझरमधून मेल पाहणाऱ्याला तीच माहिती Settings मध्ये Storage या नावाखाली मिळते. पट्टी अर्धी रिकामी असेल तर सूचना खोटी आहे आणि ती आयटी विभागाला कळवावी. पट्टी भरत आली असेल तरीही मेलमधल्या लिंकची गरज नाही, कारण सफाई मेलबॉक्समध्येच करायची असते. जागा मिळवण्यासाठी पासवर्ड ‘पडताळावा’ लागत नाही.

४. संख्या नव्हे, वजन

मेलबॉक्स किती मेल आहेत हे मोजत नाही, ते किती जागा घेतात हे मोजतो. साधा मजकूर, खाली नाव-हुद्दा आणि कंपनीचे छोटे चिन्ह असलेला मेल साधारण ४० केबीचा धरता येतो. असे एक हजार मेल मिळून ४० एमबीच्या आसपास भरतात. स्कॅनरवर रंगीत आणि जास्त स्पष्टतेने काढलेला एखादा तीस पानी करार एकटाच १२ एमबीचा होऊ शकतो. म्हणजे त्या एका मेलची जागा तीनशे साध्या मेलच्या बरोबरीची. चार हजार मेल पुसूनही आकडा का हलला नाही, याचे अर्धे उत्तर इथे आहे: पुसलेले मेल हलके होते.

हे जड मेल बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वेगळ्या जागी असतात. इनबॉक्स रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याची थोडीफार झाडलोट होते. सेंट आयटम्स कोणी उघडत नाही. पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत मात्र अटॅचमेंटसह तिथे साठत जाते. पाठवलेली फाइल बहुधा स्वतःच्या संगणकावर किंवा कार्यालयाच्या सामायिक ड्राइव्हवरही असते, म्हणजे सेंट आयटम्समधली प्रत दुबार असते. शिवाय एक बारीक फरक आहे. मेलला Reply केले तर मूळ अटॅचमेंट उत्तरासोबत जात नाही, पण Forward केले तर ती पुन्हा जोडली जाते. एकच १२ एमबीचा करार तीन वेळा तिघांना वेगवेगळा फॉरवर्ड केला, की पाठवणाऱ्याच्या सेंट आयटम्समध्ये ३६ एमबी पडतात.

कार्यालयातल्या कार्यालयात फाइल पाठवण्याची किंमत आणखी मोठी असते. तोच करार पंधरा सहकाऱ्यांना पाठवला, तर पंधरा इनबॉक्स आणि एक सेंट आयटम्स अशा सोळा प्रती होतात, म्हणजे १९२ एमबी. जुन्या एक्स्चेंजमध्ये असे होत नसे. एकाच डेटाबेसमधल्या सगळ्या मेलबॉक्सना मिळून त्या मेलची एकच प्रत ठेवली जाई. एक्स्चेंज २०१० पासून मायक्रोसॉफ्टने ही सोय काढून टाकली. तोपर्यंत डिस्कवरची जागा स्वस्त झाली होती, पण एकाच मेलबॉक्सचा मजकूर डिस्कवर ठिकठिकाणी विखुरला की तो गोळा करायला वेळ लागत असे. प्रत्येकाचा मजकूर सलग ठेवला तर वाचन वेगाने होते. वेगासाठी जागा खर्च करण्याचा हा व्यवहार सर्व्हरच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, पण त्यामुळे प्रत्येकाचे ओझे त्याच्या स्वतःच्या कोट्यावर आले. सामायिक ड्राइव्हवरच्या फाइलचा पत्ता किंवा लिंक मेलमध्ये पाठवली, तर सोळा जणांच्या कोट्यातून काही केबीच जातात.

५. पुसलेला मेल कुठे जातो

इनबॉक्समधला मेल निवडून डिलीट केला की तो डिलीटेड आयटम्स या फोल्डरमध्ये जातो. हे फोल्डर त्याच मेलबॉक्सचा भाग आहे आणि त्यातला मजकूर कोट्यात धरला जातो. घरातला केर टोपलीत टाकला तरी घंटागाडी येईपर्यंत तो घरातच असतो, तसे हे आहे. चार हजार मेल पुसण्याच्या कहाणीचे उरलेले अर्धे उत्तर हे: ते मेल एका फोल्डरातून दुसऱ्यात गेले, जागा तेवढीच राहिली.

डिलीटेड आयटम्स रिकामे केल्यावर कोट्यातली जागा खरोखर सुटते. पण तरीही मेल लगेच नष्ट होत नाही. सर्व्हर तो एका लपलेल्या फोल्डरमध्ये नेतो. ते नेहमीच्या यादीत दिसत नाही आणि त्यातला मजकूर मेलबॉक्सच्या कोट्यात धरला जात नाही, त्याची मर्यादा वेगळी असते. बदल केलेला नसेल तर एक्स्चेंज तिथे मेल १४ दिवस ठेवतो. या मुदतीत आउटलुकच्या Folder टॅबवरच्या Recover Deleted Items मधून तो परत आणता येतो. मुदत संपल्यावर बॅकअप हा एकच आधार उरतो, आणि एका मेलसाठी बॅकअप उघडणे हे ॲडमिनिस्ट्रेटरच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचे काम ठरू शकते.

Shift दाबून डिलीट केले तर मधले फोल्डर टाळून मेल थेट त्या लपलेल्या जागी जातो. मोठा आणि निश्चित नको असलेला मेल काढायला ही रीत सोयीची आहे. मात्र शेकडो मेल एकदम निवडून ती वापरणे धोक्याचे, कारण निवडीत चुकून आलेला मेल मग डिलीटेड आयटम्समध्ये सापडत नाही.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. संगणक, मोबाइल आणि ब्राउझर यांच्यावर दिसणारे मेलबॉक्स तीन नसतात. सर्व्हरवरच्या एकाच मेलबॉक्सच्या त्या तीन खिडक्या आहेत. मोबाइलची जागा वाचवण्यासाठी मोबाइलवरून मेल पुसला, तर तो कार्यालयातल्या संगणकावरूनही जातो.

काही जण डिलीटेड आयटम्सचा उपयोग कपाटासारखा करतात. ‘वाचून झाले, पण लागेल कदाचित’ असा मेल तिथे टाकून देतात आणि गरज पडली की तिथेच शोधतात. ही सवय कल्पनेपेक्षा जास्त आढळते. म्हणून चांगला ॲडमिनिस्ट्रेटर सर्वांची डिलीटेड आयटम्स फोल्डरे आगाऊ सूचना न देता परस्पर रिकामी करत नाही आणि टिपणातही ‘तपासून रिकामी करावीत’ असे लिहितो.

६. एका मेलबॉक्सची सफाई

खरेदी विभागातल्या एका कर्मचाऱ्याचा मेलबॉक्स उदाहरण म्हणून घेऊ. कोटा २ जीबीचा आणि वापर १,९७६ एमबी, म्हणजे सुमारे १.९३ जीबी. सूचना आलेली आहे, पाठवणे अजून बंद झालेले नाही, पण २ जीबीला जेमतेम ७२ एमबी उरले आहेत.

पहिले काम जागा कुठे गेली हे पाहण्याचे. क्लासिक आउटलुकमध्ये File, मग Tools, मग Mailbox Cleanup असे गेल्यावर View Mailbox Size हे बटण मिळते. त्यातून फोल्डरांची यादी आकारासह उघडते. यादीला Local Data आणि Server Data असे दोन टॅब असतात. पाहायचा तो दुसरा. संगणकावर अनेकदा मागच्या एखाद्या वर्षाचेच मेल उतरवलेले असतात, त्यामुळे पहिल्या टॅबमधला आकडा खऱ्याहून कमी असू शकतो. ‘माझा मेलबॉक्स तर आठशे एमबीचाच दिसतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

या कर्मचाऱ्याच्या यादीत सेंट आयटम्स ७४२ एमबी, इनबॉक्स ६१८, डिलीटेड आयटम्स ३५६, टेंडरसाठी केलेले वेगळे फोल्डर २१४, कॅलेंडर ३४ आणि जंक ई-मेल १२ एमबी असे आकडे निघाले. सर्वात मोठे फोल्डर इनबॉक्स नाही, हे इथेच दिसते. इनबॉक्समध्ये १०० केबीहून लहान असे ४,२०० मेल होते आणि त्या सगळ्यांचे मिळून वजन १६५ एमबीच्या आसपास होते.

दुसरे काम जड मेल वर आणण्याचे. सेंट आयटम्स उघडून यादी आकारानुसार लावली की आउटलुक मेलचे गट पाडतो आणि ५ एमबीहून मोठ्या मेलचा गट Enormous या नावाने दिसतो. शोधपट्टीत पुढील ओळ टाकली तरी तेच मेल समोर येतात:

```
messagesize:>5MB
```

सेंट आयटम्समध्ये असे ३८ मेल निघाले, एकूण ४५५ एमबी. त्यांतल्या २४ मेलमधल्या फाइली विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर आधीच होत्या आणि मेलमध्ये ‘सोबत जोडले आहे’ यापलीकडे मजकूर नव्हता. ते २९६ एमबीचे मेल पुसले गेले. उरलेल्या १४ मेलचा मजकूर महत्त्वाचा होता, त्यांत दर आणि मुदतीबद्दलची बोलणी होती. तिथे मेल ठेवून फक्त अटॅचमेंट काढली. त्यासाठी फाइल आधी सामायिक ड्राइव्हवर जतन करायची, ती उघडते का हे पाहायचे, मग मेल स्वतंत्र खिडकीत उघडून अटॅचमेंटवर उजवे क्लिक करून Remove Attachment निवडायचे आणि मेल बंद करताना बदल जतन करायचा. क्रम उलटा झाला तर फाइल हातची जाते, कारण काढलेली अटॅचमेंट डिलीटेड आयटम्समध्ये जात नाही. या चौदा मेलमधून १५९ एमबी सुटले. इनबॉक्समधले सगळे ४,२०० लहान मेल पुसून जवळपास एवढीच जागा मिळाली असती.

इनबॉक्समध्ये ५ एमबीहून मोठे २२ मेल होते, २४१ एमबीचे. त्यांतले नऊ सणाच्या शुभेच्छांचे व्हिडिओ, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि जुनी माहितीपत्रके होती. ते ९७ एमबी पुसले. बाकीची तेरा पुरवठादारांची दरपत्रके होती. त्यांना हात लावला नाही.

या टप्प्यावर कर्मचाऱ्याने पुन्हा आकडा पाहिला, तर तो १,८१७ एमबी होता. अटॅचमेंटचे १५९ एमबी गेले होते, पण पुसलेले ३९३ एमबी अजून डिलीटेड आयटम्समध्येच होते आणि ते फोल्डर ३५६ वरून ७४९ एमबीपर्यंत फुगले होते. बरेच जण इथेच थांबतात आणि सर्व्हरला नावे ठेवतात. ते फोल्डर चाळताना ११ एमबीचे काही उपयोगी मेल सापडले, ते परत इनबॉक्समध्ये ठेवले आणि उरलेले ७३८ एमबी रिकामे केले. जंक ई-मेलचेही १२ एमबी, त्यात चुकून अडकलेला खरा मेल नाही हे पाहून, काढले. शेवटचा आकडा १,०६७ एमबी, म्हणजे एक जीबीहून थोडा जास्त.

हा सगळा हिशेब उदाहरणासाठी मांडला आहे. विभागानुसार वाटणी बदलते. मनुष्यबळ विभागात बायोडेटांमुळे इनबॉक्स जड असतो, प्रसिद्धी विभागात छायाचित्रांमुळे सेंट आयटम्स. कॅलेंडरही कधी दगा देते, कारण बैठकीच्या निमंत्रणाला जोडलेले सादरीकरण कॅलेंडरच्या नोंदीत राहते आणि मेलच्या शोधात ते दिसत नाही.

७. काय पुसू नये

मेल हा आता कार्यालयाचा कागद आहे आणि कागद किती काळ ठेवायचा हे पुष्कळदा कायदा ठरवतो. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीला हिशेबाची पुस्तके आणि त्यांच्याशी संबंधित व्हाउचर किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. बिल मेलनेच आले असेल आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसेल, तर तो मेल पुसणे म्हणजे व्हाउचर फाडणे होय. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत माहितीचा अधिकार कायदा, २००५ हाही विचारात घ्यावा लागतो. ज्या माहितीसाठी अर्ज आला आहे ती नष्ट केली, तर जन माहिती अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, दिवसाला २५० रुपयांप्रमाणे कमाल २५,००० रुपयांपर्यंत. कोर्टात किंवा लवादापुढे असलेल्या प्रकरणातले मेल तर जसेच्या तसे राहायला हवेत. अशा मेलमधून जागा वाचवण्यासाठी नुसती अटॅचमेंट काढणेही चुकीचे, कारण मेल आणि त्यासोबतची फाइल मिळून पुरावा होतो.

कर्मचाऱ्याला प्रत्येक मेलबद्दल कायदा तपासणे शक्य नसते. व्यवहारात एवढे पुरते की पैसे, करार, नेमणूक आणि वाद यांच्याशी संबंध असलेला मेल विचारल्याशिवाय पुसू नये. न्यूजलेटर, यंत्रांकडून आपोआप येणारे अहवाल, पूर्ण झालेल्या बैठकांची निमंत्रणे, ‘धन्यवाद’ आणि ‘मिळाले’ अशा पोचपावत्या निःशंक काढाव्यात. त्यांनी जागा फारशी सुटत नाही, पण शोध सोपा होतो.

८. पुसायचे नसेल तर

जे पुसता येत नाही आणि रोज लागतही नाही, ते हलवता येते. त्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही सारखे सुरक्षित नाहीत.

पहिला मार्ग पीएसटी फाइलचा. आउटलुक आपल्या संगणकावर एक स्वतंत्र फाइल तयार करतो आणि जुने मेल तिच्यात ओढून टाकता येतात. ते सर्व्हरवरून निघतात, कोटा सुटतो. पण मग त्या मेलची एकमेव प्रत त्या संगणकाच्या डिस्कवर उरते. सर्व्हरच्या बॅकअपमध्ये ती नसते, ब्राउझरमधून दिसत नाही, मोबाइलवरही नाही. लॅपटॉप हरवला किंवा डिस्क गेली की मेलही गेले. यावर उपाय म्हणून काही जण पीएसटी फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच उघडतात. ही पद्धत मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, कारण नेटवर्क मध्येच तुटले तर फाइल बिघडू शकते. पीएसटी फाइल संगणकावर ठेवावी आणि आउटलुक बंद करून तिची प्रत अधूनमधून दुसरीकडे घ्यावी.

दुसरा मार्ग अर्काइव्ह मेलबॉक्सचा. ही मुख्य मेलबॉक्सला जोडलेली, सर्व्हरवरचीच वेगळी जागा असते आणि तिचा कोटा स्वतंत्र असतो. ती ॲडमिनिस्ट्रेटरने चालू करून द्यावी लागते, आणि प्रत्येक कार्यालयाच्या परवान्यात ती असतेच असे नाही. एकदा चालू झाली की ठरावीक काळाहून जुने मेल आपोआप तिकडे नेण्याचा नियम लावता येतो. सोय असेल तर पीएसटीपेक्षा हाच मार्ग घ्यावा.

वरच्या उदाहरणातल्या खरेदी विभागाच्या मेलबॉक्समध्ये महिन्याला साधारण ६० एमबीची भर पडते असे धरले, तर १,०६७ एमबीवरून पुन्हा १.९ जीबीच्या सूचनेपर्यंत पोचायला चौदा महिने लागतील. टेंडरचे २१४ एमबीचे फोल्डर अर्काइव्हमध्ये नेले, तर आणखी तीन-साडेतीन महिने मिळतील. दरपत्रके मागवताना पुरवठादारांना रंगीत स्कॅनऐवजी कृष्णधवल स्कॅन पाठवायला सांगितले आणि विभागात फाइलऐवजी लिंक फिरवली, तर महिन्याची भर ६० वरून ३० एमबीवर येऊ शकते आणि ती सूचना अडीच-तीन वर्षे पुढे जाते.